बटण, डाग आणि रवा : फ्लॉवरचा गड्डा काय सांगतो

मंडईत फ्लॉवरच्या ढिगातून लोक जे गड्डे बाजूला सारतात, ते साधारण तीन प्रकारचे असतात. पहिला लिंबाएवढा किंवा फार तर लहान पेरूएवढा, घट्ट आणि पांढरा, पण भाजीला पुरणार नाही इतका चिमुकला. दुसरा आकाराने भरलेला, पण त्यावर पाणी मुरल्यासारखे तपकिरी डाग आणि दांडा कापला की आत तपकिरी पोकळी. तिसऱ्यात डाग नाही, आकारही पुरेसा, पण त्याचा पृष्ठभाग मऊ-गुळगुळीत नसून दाणेदार असतो. बोट फिरवले तर वर रवा भुरभुरल्यासारखा वाटतो. शेतकरी आणि कृषी सेवा केंद्रवाले पहिल्याला बटनिंग म्हणतात, दुसऱ्याला तपकिरी पडणे किंवा थेट ‘बोरॉनची कमतरता’, आणि तिसऱ्याला रवाळ गड्डा किंवा राइसी.

हे तिन्ही रोग नव्हेत. यांच्यामागे बुरशी नाही, जिवाणू नाहीत, कीड नाही. म्हणूनच त्यांच्यावर केलेली बुरशीनाशकाची फवारणी पूर्णपणे वाया जाते, आणि ती दरवर्षी होते. हे तिन्ही दोष झाड कोणत्या परिस्थितीत वाढले याची नोंद आहेत. ही नोंद तीन वेगवेगळ्या काळांतली असते. बटणाचा निर्णय रोपवाटिकेत आणि लागवडीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत लागतो. डागाचे मूळ गड्डा भरत असताना मुळांशी असलेल्या मातीत आणि ओलाव्यात असते. रवाळपणा बहुतेक वेळा अगदी शेवटी, गड्डा धरल्यानंतरच्या हवामानातून येतो. त्यामुळे बिघडलेला गड्डा हातात आला की पहिला प्रश्न ‘आता काय फवारू’ हा नसून ‘हे कधी घडले’ हा असायला हवा.

आधी गड्डा म्हणजे नेमके काय ते पाहू. आपण त्याला फूल म्हणतो खरे, पण ज्या अवस्थेत तो आपण खातो त्यात एकही फूल नसते, बहुधा कळीही नसते. झाडाचा शेंडा फुलाकडे वळतो, पण फूल पुरे करू शकत नाही. त्याऐवजी तो नवा शेंडा काढतो, तोही फुलाकडे वळून अडकतो, आणखी शेंडे काढतो. अशा हजारो अडकलेल्या कोवळ्या शेंड्यांची दाट गर्दी म्हणजे गड्डा. यामागचे जनुकांचे गणित फ्रान्समधल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या अभ्यासात मांडले गेले : हे शेंडे थोडा वेळ फुलाच्या अवस्थेतून जातात आणि त्याची आठवण ठेवूनच पुन्हा फांदी बनू पाहतात. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातून दोन गोष्टी निघतात. एक, गड्डा धरला की मुख्य शेंडा संपतो आणि त्यानंतर झाडाला नवी पाने येत नाहीत. दोन, ही अडकलेली अवस्था नाजूक असते. हवामान बिघडले की शेंडे पुढे सरकून खऱ्या कळ्या होऊ लागतात.

शेंडा पानांकडून गड्ड्याकडे केव्हा वळेल हे मुख्यतः तापमान ठरवते. रोप लहान असते तेव्हा त्याला थंडीचे काही वाटत नाही. ठराविक वयानंतर मात्र ते आपल्या जातीला मानवणाऱ्या तापमानाची वाट पाहते, आणि ते मिळाले की पाने थांबवून गड्डा धरते. मूळ युरोपी जातींना यासाठी चांगली थंडी लागते. भारतात फ्लॉवर आला तो १८२२ साली, डॉ. जेम्सन यांनी लंडनजवळच्या क्यू उद्यानातून आणलेले बियाणे सहारनपूरच्या कंपनी बागेत लावले गेले. त्यानंतर उत्तर भारतातल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जी झाडे उष्ण, दमट हवेतही गड्डा धरतात त्यांचेच बी राखत नेले आणि ‘भारतीय फ्लॉवर’ असा वेगळा गटच तयार झाला. आज लवकर येणाऱ्या जाती, म्हणजे पुसा मेघना किंवा पुसा कार्तिक संकर यांसारख्या, २० ते २७ अंश सेल्सिअसलाही गड्डा धरतात. मधल्या हंगामाच्या जातींना त्याहून थंड, साधारण १२ ते २० अंशांची हवा लागते, आणि स्नोबॉल गटातल्या उशिरा येणाऱ्या जातींना १० ते १६ अंश. हे आकडे दिवसाचे नव्हेत, दिवस-रात्र मिळून सरासरीचे आहेत. फ्लॉवरच्या बाबतीत चूक बहुधा इथूनच सुरू होते, कारण दुकानात तिन्ही गटांच्या पाकिटांवर सारखाच शुभ्र गड्डा छापलेला असतो.

आता बटणाकडे येऊ. गड्डा ज्या अन्नावर पोसला जातो ते पानांत तयार होते. झाडाने पुरेशी पाने काढण्याआधीच शेंडा गड्ड्याकडे वळला, तर जितकी पाने असतील तितक्यांवरच त्याला भागवावे लागते. जातीनुसार पंधरा ते पंचवीस मोठी पाने झालेले झाड अर्धा-पाऊण किलोचा गड्डा सहज पोसते. आठ-दहा लहान पानांचे झाड पन्नास ग्रॅमवर थांबते. म्हणजे बटण हा गड्ड्याचा दोष नाहीच, तो पानांचा तुटवडा आहे. अशा झाडावर बटण फार लवकर दिसते, कारण त्याला झाकायला आतली पानेच नसतात. नवखा शेतकरी ते पाहून खूश होतो की या वर्षी गड्डा लवकर सुटला.

एक उदाहरण तपशिलात पाहू. जुन्नर भागातले वीस गुंठ्यांचे रान धरू. शेतकऱ्याने लवकर येणारी जात निवडली, कारण मागच्या वर्षी शेजाऱ्याला सप्टेंबरमध्ये तिचा चांगला भाव मिळाला होता. शेजाऱ्याने बी मे अखेरीस टाकले होते आणि लागवड जुलैच्या सुरुवातीला केली होती. याने बी टाकले १ सप्टेंबरला. रोपे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लावायची होती, पण रानात सोयाबीन उभे होते आणि परतीच्या पावसाने काढणी लांबली. लागवड झाली २५ ऑक्टोबरला, म्हणजे रोपे पंचावन्न दिवसांची झाल्यावर. तोवर ती वाफ्यात दाटीने उंच आणि दांड्याला कडक झाली होती. पाऊस संपल्यावर पाण्याची पहिली पाळी उशिरा मिळाली, आणि युरियाचा पहिला हप्ता ‘रोपे जरा धरू देत’ म्हणून महिनाभर पुढे गेला. नोव्हेंबरच्या मध्याला रात्री चौदा अंशांवर उतरल्या. महिनाअखेर पाहावे तो दर झाडाला आठ-नऊ पाने आणि मध्ये लिंबाएवढे बटण. ४५ सेंटिमीटर बाय ४५ सेंटिमीटरवर लावलेल्या वीस गुंठ्यांत साधारण दहा हजार रोपे बसतात. सरासरी अर्ध्या किलोचे गड्डे मिळाले असते तर पाच टन माल. पन्नास ग्रॅमच्या बटणांतून अर्धा टन.

यात दोष कोणाचा? हंगामाचा आहेच : जुलैत लावलेल्या या जातीला सरासरी २५ अंशांच्या हवेत गड्डा धरायला वेळ लागतो आणि त्या वेळात ती पाने काढते. तीच जात नोव्हेंबरच्या गारव्यात आली की तिला हवा तो इशारा तत्काळ मिळतो. पण केवळ हंगाम हे कारण असते तर गड्डे लहान झाले असते, बटणे नव्हे. पंचावन्न दिवसांच्या रोपाने वाफ्यातच बालपण संपवले होते. शेंडा वळायला तयार होता. त्यात लागवडीचा धक्का, पाण्याचा खंड आणि नत्राची उपासमार यांमुळे पहिले तीन-चार आठवडे, म्हणजे पाने काढायचे नेमके दिवस, झाड जागच्या जागी उभे राहिले. फ्लॉवरचे रोप चार ते सहा आठवड्यांचे असताना लावायचे असते; ट्रेमधले, जिथे मुळांना मूठभरही माती नसते, पंचवीस ते तीस दिवसांचेच. नर्सरीतून रोपे घेताना आपण दर रोपामागचा भाव विचारतो आणि बी कोणत्या तारखेला टाकले ते विचारत नाही. त्या एका तारखेवर पुढचे सगळे अवलंबून असते.

कारण शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. रानभर नजर टाका. बटणे सगळीकडे सारखी असतील तर जात, तारीख किंवा रोपांचे वय यांपैकी काहीतरी चुकले आहे. बटणे फक्त पट्ट्यांत किंवा ठिगळांत असतील, तर तिथल्या मुळांना काहीतरी झाले आहे : पाणी साचले असेल, सूत्रकृमींच्या गाठी असतील, हुमणीने मुळे खाल्ली असतील. शेणखताचा ढीग जिथे पडला होता त्या जागची झाडे मोठी आणि बाकीची बटणे, तर नत्राची उपासमार. एक झाड हलकेच उपटून मुळांवरची माती झटका. मुळे अजूनही ट्रेच्या खळग्याच्या आकारात गोल गुंडाळलेली असतील, बाहेर पसरलीच नसतील, तर रोप फार दिवस ट्रेमध्ये राहिले होते हे नक्की. बटण दिसल्यानंतर मात्र युरिया टाकून उपयोग नाही. नवी पाने येणार नाहीत, असलेली थोडी रुंदावतील एवढेच. अशा वेळी वीस गुंठ्यांवर आणखी दोन महिने पाणी आणि मजुरी घालण्यापेक्षा बटणे काढून मिळेल त्या भावाला द्यावीत आणि रान मोकळे करावे, असे माझे मत आहे. चवीला ती कुठेही कमी नसतात.

याच्या उलटा प्रकार गच्चीवर आणि परसात जास्त दिसतो. थंडी हवी असलेली जात ऑगस्टमध्ये लावली जाते आणि झाड पानेच पाने काढत सुटते. ते आजारी नसते, ते थांबलेले असते.

तपकिरी डागांचा विषय जास्त गुंतागुंतीचा आहे, कारण फ्लॉवर तपकिरी पडायला अनेक कारणे पुरतात आणि त्यातले एकच बोरॉनचे असते. आधी बाकीची वेगळी काढू. डाग फक्त वरच्या बाजूला, उन्हाकडच्या अंगाला, फिकट पिवळ्यापासून सुरू झालेला आणि चाकूने पातळ पापुद्रा काढला की खाली स्वच्छ पांढरे, तर ते ऊन आहे. गड्डा संत्र्याएवढा झाला की आतली दोन-तीन पाने मोडून त्यावर झाकायची आपल्याकडची पद्धत त्यासाठीच आहे; उकाड्यात मात्र ती चार-पाच दिवसांपेक्षा जास्त झाकून ठेवली तर आत वाफ धरते आणि गड्डा सडतो. डाग बुळबुळीत आणि नाक मुरडावे असा वास, तर जिवाणूंचा मऊ सड. पावसाचे पाणी गड्ड्यावर साचून राहिले की तो येतो. काढणीनंतर दोन-तीन दिवसांनी वर काळे ठिपके उमटले तर ती बुरशी.

बोरॉनच्या कमतरतेचा डाग वरून सुरू होत नाही, आतून येतो. गड्डा उभा चिरला तर दांड्याच्या आतल्या भागात आधी पाणी मुरल्यासारखे पारदर्शक चट्टे दिसतात, मग ते तपकिरी होतात, मग तिथे पोकळी पडते आणि पोकळीच्या कडा तपकिरी असतात. गड्ड्याच्या पृष्ठभागावर डाग येतात ते याच्यानंतर. पानेही साक्ष देतात : कोवळी पाने जाड, ठिसूळ, आत वळलेली, देठाच्या मधल्या शिरेवर आडव्या भेगा आणि बुचासारखा खरबरीतपणा. असा गड्डा शिजवला तर कडवट लागतो. नुसती पोकळी असेल, पण तिच्या कडा स्वच्छ पांढऱ्या असतील, तर बोरॉनला दोष देऊ नये. ते अति नत्रामुळे आणि फार विरळ लागवडीमुळे झाड भराभर वाढल्याचे लक्षण आहे. या दोन पोकळ्यांमधला फरक ओळखता आला तर बोरॉनवरचा निम्मा खर्च वाचतो.

बोरॉन झाडाला लागतो तो पेशींच्या भिंती बांधायला. त्याची अडचण अशी की फ्लॉवरच्या झाडात तो एकदा पानात जाऊन बसला की तिथून सहज हलत नाही. जुन्या पानांत भरपूर असला तरी कोवळ्या शेंड्याला त्यातला काही मिळत नाही. शेंड्याला तो मुळांकडून वर चढणाऱ्या पाण्याबरोबर रोजच्या रोज ताजा मिळावा लागतो. आणि गड्डा पानांच्या आत झाकलेला असल्याने त्याच्यातून पाणी उडते कमी, म्हणजे त्याच्याकडे पाणी ओढलेही जाते कमी. मुळांकडून पुरवठा जरा तुटला की पहिली झळ गड्ड्यालाच बसते.

हा पुरवठा तुटतो कसा, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला नीट कळायला हवे, कारण आपल्याकडे तो दोन अगदी उलट कारणांनी तुटतो. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत, जिथे सामू आठच्या वर असतो, बोरॉन मातीच्या कणांना चिकटून बसतो आणि असूनही मुळांना मिळत नाही. हलक्या, मुरमाड किंवा वाळूसर जमिनीत तो धरून ठेवायला काही नसते, आणि पाण्यात सहज विरघळणारा असल्याने जोराच्या पावसात तो मुळांच्या खाली निघून जातो. या दोन्ही जमिनींवर कोरडेपणाचा थर चढला की काम बिघडते. जमिनीतला उपलब्ध बोरॉन बराचसा वरच्या थरातल्या सेंद्रिय पदार्थांत असतो, आणि पाण्याची पाळी लांबून तोच थर वाळला की मुळे तिथून काही उचलू शकत नाहीत. म्हणून एकाच रानात, एकाच खतावर, पाण्याच्या शेवटच्या टोकाला असलेल्या सऱ्यांत तपकिरी गड्डे आणि पाटाजवळ पांढरे, असे चित्र दिसते. तिथे बोरॅक्सच्या आधी पाण्याचा विचार करावा.

जमिनीत बोरॅक्स देण्याचे प्रमाण हेक्टरी दहा ते पंधरा किलो. हेक्टर म्हणजे शंभर गुंठे, तेव्हा वीस गुंठ्यांना दोन ते तीन किलो. ते लागवडीच्या आधी, शेणखतात किंवा कोरड्या मातीत चांगले मिसळून, सगळीकडे सारखे पसरावे लागते, कारण बोरॉनची कमतरता आणि विषबाधा यांच्यात अंतर फार थोडे असते. मूठ एका जागी पडली तर तिथल्या झाडांच्या पानांच्या कडा जळतात आणि त्यानंतर तिथे घेवडा किंवा वाटाणा लावला तर त्याला आणखी त्रास होतो. गच्चीवर बाग करणाऱ्यांनी हेच गणित चौरस मीटरला एक ग्रॅम असे धरावे. म्हणजे एका कुंडीला चिमटीतलाही पूर्ण लागत नाही, आणि कुंडीत शेणखत भरपूर असेल तर काहीच न घातलेले बरे. उभ्या पिकात कमतरता दिसू लागली तर लिटरला अडीच ग्रॅम बोरॅक्सची फवारणी करतात, पंधरा लिटरच्या पंपाला सदतीस-अडतीस ग्रॅम. बोरॅक्स गार पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या कोमट पाण्यात विरघळवून मग पंपात ओतावे. दुकानात ‘बोरॉन २० टक्के’ नावाने मिळते ती पावडर बोरॅक्सच्या जवळजवळ दुप्पट तीव्रतेची असते, तिचे प्रमाण निम्मे. आणि फवारणी गड्डा धरण्याच्या आधी आणि धरताना करायची. आतून तपकिरी झालेला गड्डा कोणत्याही फवारणीने पांढरा होत नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्या, आम्लधर्मी जमिनीवर फ्लॉवर लावणाऱ्यांना वेगळाच अनुभव येतो. तिथे आधी मॉलिब्डेनम कमी पडते आणि पाने नुसत्या मधल्या शिरेपुरती, चाबकाच्या वादीसारखी उरतात. त्यावर उपाय म्हणून चुना घालतात आणि तो बरोबरच आहे, पण चुना जास्त झाला की सामू चढतो आणि मग बोरॉन अडकतो.

राहिला रवाळ गड्डा. पुष्कळ गृहिणींना तो कीड लागलेला वाटतो आणि बरेच विक्रेते तो ‘जून’ म्हणून खपवतात. जून झालेला गड्डा वेगळा : त्याचे तुरे लांबून एकमेकांपासून सुटतात, पण प्रत्येक तुऱ्याचा माथा गुळगुळीतच असतो. रवाळ गड्ड्यात तुरे घट्ट असूनही माथ्यावर सुटे सुटे दाणे उठतात, कारण मघाशी सांगितलेले अडकलेले शेंडे आता अडकलेले राहिलेले नाहीत, ते खऱ्या कळ्यांकडे निघाले आहेत. त्याच दाण्यांचे देठ आणखी लांबले की गड्ड्यावर मखमलीसारखी लव दिसते. गड्ड्यातून लहान हिरवी पाने डोकावू लागली तर तो आणखी वेगळा प्रकार. गड्डा धरल्यावर हवा पुन्हा गरम झाली आणि झाड मागे, पानांकडे वळू पाहते आहे असा त्याचा अर्थ.

रवाळपणाचे मुख्य कारण म्हणजे गड्डा भरत असताना तापमान त्या जातीच्या पट्ट्याबाहेर जाणे. यासाठी सरासरीचे गणित एकदा मांडून बघण्यासारखे आहे. जानेवारीत पुण्यात दुपारचे तापमान साधारण ३० अंश आणि पहाटेचे ११, म्हणजे सरासरी वीस-एकवीस. त्याच महिन्यात दिल्लीत दुपारी २० आणि पहाटे सात-आठ, सरासरी चौदाच्या आसपास. स्नोबॉल गटाला १० ते १६ अंश हवेत. दिल्लीत ते हातात आहेत, पुण्यात भर थंडीतही नाहीत. आपल्याला पहाटेची बोचरी थंडी जाणवते आणि वाटते की ही उत्तरेकडच्या थंडीच्या जातींसाठी उत्तम. दुपारच्या तीस अंशांचा हिशेब कोणी करत नाही. मग हा गट इथे उशिरा गड्डा धरतो, तो भरायला फेब्रुवारी उजाडतो आणि फेब्रुवारीच्या उत्तरार्धात पारा ३३-३४ वर गेला की गड्डे रवाळ किंवा पानाळ निघतात. उलट बाजूही आहे. निफाडसारख्या ठिकाणी थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांखाली जातो. उष्ण हवेसाठी निवडलेल्या लवकर येणाऱ्या जातीचा गड्डा त्या आठवड्यात अर्धवट भरलेला असेल, तर त्या थंडीने शेंडे घाईने कळ्यांकडे सरकतात आणि दोन आठवड्यांत रवा दिसतो. म्हणजे रवाळ गड्डा एकच गोष्ट सांगत नाही. तो गरमीने झाला की थंडीने, हे समजायला जात कोणती आणि मागचे पंधरा दिवस कसे गेले, हे दोन्ही माहीत असावे लागते.

हवामानाखेरीज दोन कारणे उरतात. गड्डा धरल्यावर नत्राचा मोठा हप्ता दिला आणि वर ढगाळ, दमट हवा आली, तर वाढ घाईची होऊन गड्डा सैल आणि रवाळ होतो. नत्राची गरज आधी, पाने काढताना असते. दुसरे कारण बियाण्याचे. बीजोत्पादनाच्या प्लॉटमध्ये रवाळ झाडे वेळीच उपटली नाहीत तर तो गुण पुढच्या पिढीत उतरतो, आणि रवाळ झाडे फुलावर लवकर जात असल्याने दुर्लक्ष केले तर बीही त्यांचेच जास्त पडते. हवामान आणि बियाणे यांतला फरक ओळखणे सोपे आहे. सगळ्या रानात एकाच आठवड्यात रवा दिसला तर हवामान. चांगल्या गड्ड्यांच्या मध्ये इकडे एक, तिकडे एक असे रवाळ गड्डे विखुरलेले असतील, तर बियाणे. दुसऱ्या प्रकारात दर शंभर झाडांमागे किती रवाळ ते मोजून, फोटो काढून, पाकीट आणि बिल जपून ठेवावे. तक्रार करायची झाली तर तेवढेच कामाला येते.

आता ताटापुरते. बटण बेधडक खावे. रवाळ गड्डाही खायला पूर्ण निर्धोक असतो, फक्त तो लवकर मऊ पडतो आणि परतताना दाणे सुटतात, तेव्हा तुऱ्यांच्या कोरड्या भाजीऐवजी किसून पराठ्यात किंवा भजीत घालावा आणि आणला त्या दिवशीच संपवावा. उन्हाचा पिवळेपणा निरुपद्रवी. आतून तपकिरी असलेल्या गड्ड्याचा कडवटपणा मसाल्याने लपत नाही, तेवढा भाग कापून टाकावा.

आणि ज्यांना यंदा फ्लॉवर लावायचा आहे त्यांनी बियाण्याच्या पाकिटावर गड्ड्याचा फोटो नव्हे, लागवडीचा महिना पाहावा. तो छापलेला नसेल आणि दुकानदारालाही सांगता येत नसेल, तर ते पाकीट घेऊ नका.